फोटोखालची एक ओळ

बारावीचा निकाल, मग सीईटीच्या फेऱ्या, मग एकदाचा प्रवेश. हे सगळं पार पडलं की आमच्या कराडच्या एसटी स्टँडवर गाद्यांच्या वळकट्या, नव्या कोऱ्या बादल्या आणि लाडू-चिवड्याचे डबे दिसायला लागतात. कुणाची लेक पुण्याला निघालेली असते, कुणाचा लेक मुंबईला. आणि त्याच रात्री आईच्या मोबाइलवर स्टेटस झळकतं. आवरून ठेवलेल्या पलंगाचा फोटो आणि खाली एक ओळ, "पाखरू उडालं, घरटं रिकामं झालं."

मैत्रिणींनो, आज मला या एका ओळीबद्दलच बोलायचं आहे. व्हॉट्सअॅपचं स्टेटस २४ तासांनी आपोआप पुसलं जातं. नणंद, जाऊ, शेजारीण बघतात, हात जोडल्याची चित्रं पाठवतात आणि विसरतात. पण ते एक जण अगदी लक्ष देऊन वाचतं. वसतिगृहाच्या खोलीत, अनोळखी मुलींच्या मध्ये बसून, नव्या गादीवर. ते म्हणजे आपलं मूल.

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींची गोष्ट सांगते. त्यांची एकुलती एक लेक गेल्या वर्षी इंजिनीअरिंगला पुण्याला गेली. वहिनींनी पहिल्या रात्री लिहिलं, "तू गेलीस आणि घर खायला उठलं." दुसऱ्या दिवशी रिकाम्या ताटाचा फोटो, खाली "घास उतरत नाही". आठवडाभर हेच. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण लेक दर शनिवारी घरी यायला लागली. जाऊन-येऊन आठ तास एसटीत, सोमवारचं पहिलं प्रॅक्टिकल बुडलेलं. बऱ्याच कॉलेजांत ७५ टक्के हजेरी लागते. ती घसरल्याची नोटीस लागली तेव्हा कुठे घरच्यांना कळलं. त्याहून वाईट म्हणजे मधे चार दिवस ती तापाने फणफणली होती आणि घरी तिने सांगितलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, आई आधीच जेवत नाही. तिला अजून काय सांगू?"

बघा, ओळ होती आईच्या दुःखाची, पण तिचं ओझं उचललं लेकीने. जिला आधार हवा होता, तीच आधार द्यायला धावली. हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. मूल फोनवर स्वतःचं काही सांगत नाही, "तू जेवलीस का, रडत नाहीस ना," एवढंच विचारत राहतं. मित्रमैत्रिणींबरोबर कुठे गेलं, मजा केली, तर ते दबकत सांगतं, नाहीतर लपवतं. असं झालं की समजावं, आपली ओळ जरा जास्तच खोल गेली आहे.

मग आम्ही दोघी बसलो आणि वहिनींची एकेक ओळ हातात घेतली. आधी ठरवलं की कुठली ओळ कुणासाठी. "घास उतरत नाही" हे खरंच आहे, पण ते बहिणीला, मैत्रिणीला सांगायचं, तेही फोनवर. लेकीला ते दाखवायचं नाही. स्टेटसच्या सेटिंगमध्ये "My contacts except..." आणि "Only share with..." असे दोन पर्याय असतात. पहिल्यात ज्यांना दाखवायचं नाही ती नावं निवडायची, दुसऱ्यात ज्यांनाच दाखवायचं ती. वहिनींना हे ठाऊकच नव्हतं. पाच मिनिटांत जमलं.

दुसरं म्हणजे ओळीतून "तू गेलीस" काढलं. या दोन शब्दांत नकळत ठपका येतो, जणू लेकीने घर मोडलं. त्याऐवजी घरात आज जे घडलं तेवढंच लिहायचं. वहिनींनी कुकरच्या डब्यांचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, "आज भात बरोबर दोघांपुरता झाला. अंदाज यायला तीन आठवडे लागले." किती साधी ओळ! त्यात आठवण आहे, पण हाक नाही. लेकीने लगेच उलट लिहिलं, "आमच्या मेसचा भात कुणालाच पुरत नाही, अंदाज त्यांना शिकव!" आणि मग कितीतरी दिवसांनी ती मेसबद्दल, रूममेटबद्दल भरभरून बोलली.

आमच्या घरचंही सांगते. माझा मुलगा पुण्याला गेला तेव्हा मी काहीच लिहिलं नाही. लिहिलं ते आमच्या ह्यांनी. एरवी स्टेटसच्या वाटेला न जाणारा माणूस! मुलाच्या सायकलचा फोटो आणि खाली, "चालवणारा पुण्याला. हवा मात्र मी भरून ठेवतो." त्या रात्री मुलाने आपणहून बाबांना फोन केला. बापांना रडता येत नाही म्हणतात, पण सांगता येतं हो. त्यांनाही एखादी ओळ लिहू द्यावी.

राहता राहिलं ते घरटं. आमच्या व्हरांड्यातल्या जास्वंदीवर बुलबुल घरटं करतो. अंडी उबायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच. पिल्लं घरट्याबाहेर पडली की आईबापही तिथे राहत नाहीत. पक्ष्यांच्या लेखी घरटं म्हणजे घर नव्हेच, तो पाळणा. आणि उडाल्यावरही काही दिवस पिल्लं फांदीवर बसून पंख फडफडवत खाऊ मागतात आणि आईबाप तिथे जाऊन भरवतात. म्हणजे घरटं रिकामं झालं तरी भरवणं थांबत नाही, फक्त जागा बदलते. एसटीच्या पार्सलने जाणारा आपला लाडवांचा डबा दुसरं काय सांगतो?

मात्र एक गोष्ट जपून. मूल अठराचं होतं तेव्हा आपण बऱ्याच जणी चाळिशीच्या मध्यावर असतो. पाळी जाण्याचे दिवसही याच सुमाराचे. झोप न लागणं, अंगातून वाफा येणं, उगाच चिडचिड हे त्यामुळेही होतं आणि आपण सगळं "लेकरू गेलं म्हणून" यावर ढकलतो. नुसती आठवण असली तर ती येते-जाते. मधे आपण हसतो, भिशीला जातो, मालिका बघतो. पण दोन आठवडे उलटले तरी दिवसभर मन उदास, कशातच रस नाही, जेवण-झोप बिघडलेली, जगणं नको वाटतं असं असेल तर स्टेटस लिहून भागणार नाही. डॉक्टरांना दाखवावं. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवाही आहे, २०२२ साली सुरू झालेली. १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करता येतो आणि मराठीतून बोलता येतं. आमच्या वहिनींनी थायरॉइडही तपासून घेतला, कारण तो बिघडला तरी माणूस असंच मलूल होतं.

आता यंदाच्या मुलांची निघायची वेळ येईल. पलंगाचा फोटो काढाल, जरूर काढा. खाली ओळ लिहाल, तीही लिहा. फक्त पाठवण्याआधी एकदा ती मुलाच्या आवाजात, वसतिगृहाच्या खोलीत बसल्यासारखी वाचून बघा. ती वाचून त्याला फोन उचलून आपलं काही सांगावंसं वाटेल, की रडणं आवरत बॅग भरावीशी वाटेल? पहिलं वाटलं तर पाठवा. दुसरं वाटलं, तर ती ओळ मैत्रिणीसाठी ठेवा. ऐकायला आम्ही आहोतच.