चालू खात्यासाठी दुकानदाराचे पत्र

भिलाईच्या कोहका वस्तीत एकाने हार्डवेअरचे दुकान थाटले आहे, असे समजू. एका ठेकेदाराने त्याला दुकानाच्या नावाने धनादेश दिला. परंतु त्याचे बचत खाते स्वतःच्या नावाचे असल्याने धनादेश वटेना. व्यापारी पेढीच्या नावे बचत खाते उघडता येत नाही. तिला चालू खाते लागते, आणि त्यावर व्याज मिळत नाही.

अशा वेळी तो शाखा व्यवस्थापकांस लिहील ते पत्र मराठीत साधारणतः असे होईल :

“महोदय, कोहका येथे ‘गणेश हार्डवेअर’ या नावाने माझे दुकान असून मी त्याचा एकमेव मालक आहे. पेढीच्या नावे चालू खाते उघडावे, ही विनंती. सोबत माझे पॅन व आधार यांच्या प्रती, छायाचित्रे, उद्यम नोंदणीपत्र, जीएसटी नोंदणीपत्र आणि भाडेकरार जोडला आहे. अन्य कोणत्याही बँकेचे कर्ज माझ्याकडे नाही. आपला, मालक, गणेश हार्डवेअर.”

या यादीत दोन निरनिराळ्या गोष्टी सिद्ध करावयाच्या असतात. कायद्याच्या दृष्टीने एकल मालकीची पेढी मालकापासून वेगळी नसते, म्हणून पॅन आणि आधार मालकाचेच. पण ‘गणेश हार्डवेअर’ नावाचा धंदा खरोखर चालतो काय, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत पेढीच्या नावाचे कोणतेही दोन पुरावे मागितले आहेत. येथे उद्यम आणि जीएसटी हे ते दोन. भाडेकरार त्यांत मोडत नाही. तो केवळ पत्त्याला आधार देतो.

अडचण बहुधा नावापाशी येते. पाटीवर ‘श्री गणेश हार्डवेअर’, उद्यमपत्रात ‘गणेश हार्डवेअर स्टोअर्स’, जीएसटीत ‘गणेश हार्डवेअर’. दुकानदाराला तिन्ही एकच वाटतात, कारकुनाला मात्र त्या तीन पेढ्या दिसतात. सारी कागदपत्रे समोर मांडून नाव अक्षराअक्षराने ताडून पाहावे आणि उद्यमपत्र आधी दुरुस्त करून मगच पत्र द्यावे. विजेचे बिल घरमालकाच्या नावे असेल, तर ते पेढीचा पुरावा म्हणून जोडण्यात अर्थ नाही.

जीएसटी नोंदणीच नसेल तर? राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान दुकानदारास ती पुष्कळदा सक्तीची नसते. दोन पुरावे देणे शक्य नाही अशी बँकेची खात्री पटल्यास ती एकावर भागवू शकते. मात्र मग तिचा माणूस दुकानी येऊन धंदा प्रत्यक्ष पाहतो. ही सवलत बँकेच्या मर्जीची आहे, दुकानदाराचा तो हक्क नव्हे. म्हणून पत्रातच एक वाक्य घालावे : “दुसरा पुरावा उपलब्ध नाही, कृपया दुकानाची पाहणी करावी.”

कर्जाविषयीचे वाक्यही उगाच नसते. अन्यत्र कर्ज असल्यास चालू खात्यावर निर्बंध येऊ शकतात, आणि बँक ते पतनोंदींवरून पडताळून पाहते.