रोजचा व्यायाम, घाम आणि केस धुण्याची रीत : गुहागरच्या दमट हवेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मराठीत 'अंघोळ' आणि 'न्हाणे' हे दोन शब्द पूर्वी वेगवेगळ्या क्रियांसाठी वापरले जात. अंघोळ रोजची असे. न्हाणे म्हणजे डोक्यावरून पाणी घेऊन केस धुणे, आणि लांब केस असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत ते आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा होई. आदल्या रात्री खोबरेल तेल लावायचे, सकाळी शिकेकाई किंवा रिठा लावून न्हायचे आणि केस मोकळे सोडून वाळवायचे, असा हा क्रम होता. व्यायामशाळेत रोज तासभर घाम गाळणाऱ्या व्यक्तीला मात्र हा साप्ताहिक क्रम पुरत नाही. केस रोज शांपूने धुवावेत, तर ते कोरडे व राठ होतात. न धुवावेत, तर डोके चिकट होते, खाज सुटते व वास येतो. लांब केसांच्या काही स्त्रिया या पेचापायी व्यायामच टाळतात. गुहागरसारख्या समुद्रकाठच्या गावी हा पेच अधिक तीव्र होतो, कारण तेथे घाम लवकर वाळत नाही आणि धुतलेले केसही लवकर वाळत नाहीत. केसांचा स्निग्धपणा न घालवता ते वारंवार कसे धुता येतील, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घाम आणि तेल : दोन वेगळे मळ

या प्रश्नाची गुरुकिल्ली एका साध्या भेदात आहे. व्यायामानंतर डोक्यावर जो चिकटपणा जाणवतो, त्यात दोन भिन्न पदार्थ असतात. पहिला घाम. तो सुमारे ९९ टक्के पाणी असून उरलेल्या भागात मुख्यतः मीठ व थोडे अन्य क्षार असतात. हे सर्व पाण्यात विरघळते. दुसरा पदार्थ म्हणजे डोक्याच्या त्वचेतील तैलग्रंथींतून पाझरणारे तेल. ते पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी साबण, शांपू, रिठा असा फेसाळ पदार्थ लागतो. अशा पदार्थाच्या रेणूचे एक टोक तेलाला व दुसरे पाण्याला धरते, आणि तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्याबरोबर वाहून जातात.

घाम व्यायामाबरोबर वाढतो, तसा तेलाचा स्राव वाढत नाही. तो प्रामुख्याने संप्रेरकांच्या नियंत्रणाखाली असतो आणि दिवसभर संथपणे चालू राहतो. वारंवार धुतल्याने डोके अधिक तेल सोडू लागते, ही समजूतही याच कारणाने टिकत नाही. तेव्हा रोजच्या घामासाठी रोज पाणी पुरेसे आहे. शांपूची गरज तेल साठण्याच्या गतीवर ठरते. बहुतेकांना एक दिवसाआड शांपू पुरतो. ज्यांचे डोके मूळचेच तेलकट आहे, त्यांना तो रोजही लागू शकतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, आशियाई व्यक्तींवरील एका अभ्यासात आठवड्यातून ५ ते ६ वेळा धुणाऱ्यांचे समाधान सर्वाधिक आढळले आणि केसांची हानी दिसली नाही. हा अभ्यास शांपू बनविणाऱ्या कंपनीतील संशोधकांचा होता, हे लक्षात ठेवावे; तरीही वारंवार धुणे स्वतःच घातक नसते, धुण्याची रीत घातक ठरू शकते, या दिशेने तो बोट दाखवतो.

केसाचे नुकसान कोठे होते

डोक्याची त्वचा जिवंत असते. ती रोज नवे तेल तयार करते. केसाचा दांडा मात्र निर्जीव असतो. त्याची झीज भरून निघत नाही. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या ६० सेंटिमीटर लांब केसाचे टोक सुमारे ५ वर्षे जुने असते. आठवड्यातून ६ वेळा शांपू केल्यास त्या टोकाने आजवर सुमारे १५६० वेळा शांपू सोसलेला असतो; ३ वेळा केल्यास ७८०, आणि जुन्या साप्ताहिक न्हाण्यात केवळ २६०. मळ असतो मुळाशी आणि मार बसतो टोकाला, हा या विषयातील खरा विरोधाभास आहे.

हा मार तीन प्रकारचा असतो. पहिला, पृष्ठभागावरील स्निग्ध थर निघून जाण्याचा. केसावर कौलांप्रमाणे एकावर एक रचलेले खवले असतात व त्यांवर मेदाचा अतिशय पातळ थर असतो. तीव्र व अल्कधर्मी धावणाने हा थर विरतो आणि खवले उचलले जातात. साध्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, तर डोक्याच्या त्वचेचा सुमारे ५.५. म्हणून अंगाचा साबण केसांना वापरू नये. दुसरा मार पाण्याचा. केस भिजला की त्याची जाडी सुमारे १५ टक्के वाढते व वाळला की पुन्हा आकसते. या फुगण्या-आकसण्याच्या फेऱ्यांनी आतील बंध सैल होतात. तिसरा मार घर्षणाचा. ओला केस कोरड्याहून दुबळा असतो. टॉवेलने खसाखसा पुसणे व तसाच विंचरणे त्याला सर्वाधिक बाधते.

खोबरेल तेलाचा पुरावा

न्हाण्याआधी तेल लावण्याच्या प्रथेची तपासणी महाराष्ट्रातच झाली आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खनिज तेल, सूर्यफूल तेल व खोबरेल तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्यापूर्वी वा नंतर लावले असता केसांतील प्रथिनांची गळती लक्षणीयरीत्या कमी करणारे तेल एकच ठरले, ते खोबरेल. त्याचे कारण रेणूच्या रचनेत आहे. खोबरेलातील मुख्य मेदाम्ल लॉरिक आम्ल होय. त्याची साखळी आखूड व सरळ असल्यामुळे ते केसाच्या दांड्यात शिरू शकते. सूर्यफूल तेलाचे रेणू थोराड व वाकडे असतात, तर खनिज तेलाला प्रथिनांविषयी ओढ नसते. दोन्ही बरीचशी पृष्ठभागावरच राहतात. आत शिरलेले तेल पाण्याला अटकाव करते, आणि त्यामुळे केस कमी फुगतो. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, ही बाब नोंदवणे उचित होय.

येथे एक मर्यादा आहे. कोंड्याशी संबंधित मॅलॅसेझिया नावाची सूक्ष्म बुरशी डोक्यावरील मेदावर जगते, आणि लॉरिक आम्लासारखी मेदाम्लेही तिचे खाद्य ठरतात. दमट हवेत, घामाने ओल्या झालेल्या डोक्यावर तेल थापून ठेवणे म्हणजे तिला आमंत्रण होय. म्हणून कोंड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी तेल मुळांना न लावता फक्त लांबीला लावावे.

एक उदाहरण : आठवड्याचा क्रम

गुहागरमधील एका प्राध्यापिकेचे कल्पित उदाहरण घेता येईल. केस कमरेपर्यंत, व्यायाम सोमवार ते शनिवार सकाळी ६ ते ७, महाविद्यालय ११ वाजता. त्यांनी सोमवार, बुधवार व शुक्रवार हे शांपूचे आणि इतर तीन दिवस केवळ पाण्याचे ठेवावेत.

शांपूच्या दिवशी व्यायामास निघण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा खोबरेल तेल केसांच्या खालच्या दोन-तृतीयांश भागाला लावून सैल वेणी घालावी. धुण्यापूर्वी तेलाला लागणारा अवधी व्यायामातच मिळतो. परतल्यावर घाम निवू द्यावा. एका पेल्यात चमचाभर शांपू घेऊन त्यात दहापट कोमट पाणी मिसळावे. पातळ शांपू मुळांपर्यंत सारखा पोहोचतो आणि एकाच जागी दाट साचत नाही. हे मिश्रण त्याच वेळी वापरावे. साठवून ठेवल्यास त्यातील परिरक्षक विरळ झाल्याने जंतू वाढतात. बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, मिनिटभर फक्त डोक्याची त्वचा चोळावी. लांबीला शांपू लावू नये. खाली ओघळणारा फेस तिला पुरतो. नंतर कंडिशनर केवळ खालच्या अर्ध्या भागास लावून दोन मिनिटांनी धुवावा. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार अधिक असतो व कंडिशनरमधील घटक धनभारित असतात, म्हणून ते झिजलेल्या जागीच अधिक चिकटतात.

शांपू निवडताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. सोडियम लॉरिल सल्फेट तुलनेने तीव्र असते, सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य, आणि त्याच्या जोडीला कोकॅमिडोप्रॉपिल बीटेन असल्यास सौम्यता आणखी वाढते.

पाण्याच्या दिवशी वेणी न सोडता ती वर बांधावी आणि भांगाभांगातून तांब्याने पाणी सोडून फक्त मुळे धुवावीत. मीठ निघून जाते आणि लांबी कोरडी राहते. अशा रीतीने टोकाच्या वाट्याला येणारे भिजणे व शांपू, दोन्ही निम्म्यावर येतात.

पाणी आणि वाळवण

समुद्रालगतच्या वाळूतील विहिरींच्या पाण्यात उन्हाळ्यात क्षार वाढू शकतात. बाटलीभर पाण्यात साबणाचा कीस टाकून हलवावे; फेसाऐवजी दह्यासारखी साय जमल्यास पाणी जड आहे असे समजावे. अशा पाण्यात साबण केसांवर पुटे धरतो. शांपू तितका धरत नाही. पावसाळ्यात गाळून घेतलेले पागोळीचे पाणी शेवटच्या धुण्यास उत्तम.

वाळवण्याची अडचण त्याहून मोठी. पावसाळ्यात ओल्या केसांचा अंबाडा संध्याकाळपर्यंत आत ओलाच राहतो आणि त्याला कुबट वास येतो. सुती पंचाने केस दाबून पाणी टिपावे. मग आवश्यक तर ड्रायर वापरावा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन अभ्यासात १५ सेंटिमीटर अंतरावरून सतत हलता ठेवलेला ड्रायर हा केस दीर्घकाळ ओले राहू देण्यापेक्षा कमी हानिकारक आढळला. ड्रायर जवळ धरल्यास मात्र पृष्ठभाग भाजतो.

चूक कशी ओळखावी

धुतल्यानंतर ओला केस बोटांत करकर वाजत असेल, तर ती स्वच्छतेची नव्हे, स्निग्ध थर गेल्याची खूण आहे. कंगव्यातील केस पाहावेत. टोकाला पांढरट गाठ असलेला केस नैसर्गिकरीत्या गळलेला असतो. दिवसाला ५० ते १०० असे केस गळणे स्वाभाविक आहे. गाठ नसलेले आखूड तुकडे अधिक दिसल्यास केस तुटत आहेत असे समजावे व शांपूची तीव्रता आणि पुसण्याची पद्धत तपासावी. उलट खाज, वास व कोंडा वाढल्यास शांपू कमी पडतो आहे. तेथे एक वार वाढवावा. पिवळसर जाड पापुद्रे, जखमा किंवा केसांत चकंदळे दिसू लागल्यास त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष

घामाला पाणी, तेलाला शांपू, मुळांना धुणे आणि टोकांना संरक्षण, अशी वाटणी केल्यास रोजचा व्यायाम आणि लांब केस यांत विरोध उरत नाही. जुन्या न्हाण्यातील साप्ताहिक अंतर आज पाळता येणार नाही. मात्र त्यातील धुण्याआधीच्या तेलाचे तत्त्व जपता येते. दमट किनाऱ्यावर ते तेल डोक्यावर न थापता केसांच्या लांबीला लावावे, इतकाच त्यात बदल करावयाचा आहे.