टाचेमागचं दुखणं विश्रांतीनं का जात नाही?

कृष्णाकाठची सांगली सपाट. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन मात्र 2012 पासून यवतेश्वरचा घाट चढते. सांगलीत सपाट रस्त्यावर पळणाऱ्या, आठवड्यातून तीन संध्याकाळी बॅडमिंटन खेळणाऱ्या पंचेचाळिशीच्या एका माणसाची कल्पना करा. त्यानं शर्यतीला नाव दिलं आणि जूनपासून दर रविवारी घाट चढायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या आठवड्यात सकाळी अंथरुणातून उठताना टाचेच्या वर आखडल्यासारखं दुखू लागलं. चार पावलं चाललं की मोकळं वाटे. खेळायला लागलं की दुखणं विसरायला होई आणि दुसऱ्या सकाळी ते दुप्पट जोरानं परत येई. हे चित्र ॲकिलिसच्या दुखण्याचं, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड शिरेचं. डॉक्टर तिला कंडरा म्हणतात.

‘खेळताना दुखत नाही म्हणजे काही विशेष नाही’ हा पहिला गैरसमज. अंग गरम झालं की ही वेदना दबते, म्हणून खेळताना काय वाटतं यावर जाऊ नये. दुसऱ्या सकाळची पहिली दहा पावलं खरं सांगतात.

दुसरा गैरसमज सुजेचा. ‘आत सूज आहे, गोळ्या घ्या, बर्फ लावा, उतरेल.’ महिनोन् महिने दुखणाऱ्या कंडरेत नेहमीच्या अर्थाची सूज हे मुख्य कारण नसतं. पळताना प्रत्येक पावलाला या कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सुमारे सव्वाचारशे ते साडेपाचशे किलो. चढावर घोटा जास्त वाकतो, कंडरा जास्त ताणली जाते. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, कंडरा त्या वेगानं बदलत नाही. तिच्या गाभ्यातले धागे तर सतराव्या वर्षानंतर फारसे नव्यानं घडत नाहीत, असं 2013 च्या एका डॅनिश अभ्यासात दिसलं. ताण एकदम वाढला की दोरखंडासारखे समांतर असलेले हे धागे विस्कटतात, मध्ये पाणी साचतं आणि टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर कंडरा जाड लागते, दाबली की दुखते. गोळीनं कळ कमी होते, धागे जुळत नाहीत.

आता विश्रांती. आपल्या या खेळाडूनं सहा आठवडे रॅकेट खुंटीला टांगली आणि दुखणं गेलं. दिवाळीनंतर तो पहिल्याच संध्याकाळी पूर्ण जोमानं उतरला आणि चार दिवसांत लंगडू लागला. दुखणं गेलं होतं ते ताण गेला म्हणून. त्याच काळात पोटरी आणखी अशक्त झाली आणि कंडरेची ताण पेलायची ताकद पूर्वीपेक्षाही कमी झाली.

स्वीडनमधल्या हाकन आल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदानं 1998 मध्ये पंधरा हौशी धावपटूंना उलटा उपाय दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, सगळा भार दुखऱ्या पायावर घ्यायचा, टाच सावकाश पायरीखाली न्यायची आणि वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. पंधरा वेळा असं तीनदा, आधी गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. सगळे पुन्हा धावू लागले. अभ्यास छोटा होता, पण पुढच्या अभ्यासांतून ‘कंडरेला वाढता भार द्या’ हे तत्त्व टिकलं. आठवड्यातून तीनदा जड वजनानं सावकाश केलेला व्यायामही तितकाच उपयोगी ठरतो, आणि नोकरदाराला दिवसातून दोनदापेक्षा तोच जमतो असं मला वाटतं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नये. दहापैकी पाचपर्यंतची वेदना चालते, मात्र दुसऱ्या सकाळी ती पूर्ववत झालेली हवी. तसं झालं तर पाठीवरच्या सॅकमध्ये चार-पाच किलो ज्वारी टाकून भार वाढवायचा. सकाळ जड गेली तर आधीच्या भारावर परत. याच मोजमापात राहून सपाटीवरचं हळू पळणंही चालू ठेवता येतं. घाट, उड्या आणि बॅडमिंटनची झेप सगळ्यात शेवटी. आपल्या खेळाडूनं जानेवारीत सुरुवात केली तर घाट मे महिन्याआधी नको.

दुखणं वर नसून थेट टाचेच्या हाडावर असेल तर मात्र टाच पायरीखाली न्यायची नाही, कारण त्या टोकाला कंडरा हाडावर दाबली जाते. व्यायाम सपाट जमिनीवर करावा. बुटात टाचेखाली छोटी उशी घातली की बऱ्याच जणांना आराम पडतो.

काही जणांत कारण मैदानाबाहेर असतं. मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं. यातलं औषध चालू असताना टाचेमागे दुखू लागलं तर खेळ थांबवून लगेच डॉक्टरांना सांगावं. कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन मात्र मागू नये, ती तुटण्याचा धोका असतो.

आणि तुटते तेव्हा मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं, कधी फट्कन आवाज येतो. पालथं झोपून पोटरी दाबल्यावर पाऊल हललं नाही, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. तिथे व्यायाम नाही.