तासाभराने तुटणारा टनेल

दोन कार्यालयांची नेटवर्क इंटरनेटवरून सुरक्षित जोडण्यासाठी आयपीसेक टनेल वापरतात. दोन्ही टोकांना एकेक गेटवे असतो आणि त्यांच्यातली सगळी माहिती कूटबद्ध होऊन जाते. हा टनेल सुरू होतो, तासभर उत्तम चालतो आणि मग बंद पडतो. कोणीतरी तो रीस्टार्ट करतो, पुन्हा तासभर सगळे सुरळीत. संशय आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीवर जातो, पण बिघाड इतका वेळेवर होत असेल तर लाइनपेक्षा सेटिंगकडे पाहावे.

टनेलमध्ये किल्ल्यांचे दोन थर असतात. वरचा आयकेईचा: दोन गेटवे एकमेकांची ओळख पटवतात आणि त्यांचा बोलण्याचा सुरक्षित मार्ग तयार होतो. त्याच्या आधाराने खालचा थर उभा राहतो आणि प्रत्यक्ष डेटा त्यातून जातो. खालच्या थराची किल्ली ठरावीक काळाने बदलावी लागते. या काळाला लाइफटाइम म्हणतात आणि अनेक उपकरणांत तो ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असतो. कोणत्या पद्धतीने कूटबद्ध करायचे, याचा प्रस्ताव एक बाजू मांडते. दुसरीला तो मान्य असला तरच नवी किल्ली बनते.

मुख्य कार्यालयात स्ट्राँगस्वान आहे आणि शाखेत तयार फायरवॉल, असे धरू. दोन्हीकडे आयकेईची दुसरी आवृत्ती आहे. मुख्य कार्यालयाने डेटाच्या थरासाठी परफेक्ट फॉरवर्ड सिक्रसी, म्हणजे पीएफएस, चालू ठेवली आहे. तिच्यामुळे प्रत्येक नव्या किल्लीसाठी वेगळी डिफी-हेलमन देवाणघेवाण होते. शाखेत ती बंद आहे. शिवाय लाइफटाइम मुख्य कार्यालयात एक तास आणि शाखेत आठ तास आहे.

एवढी तफावत असताना टनेल मुळात जोडला कसा जातो? दुसऱ्या आवृत्तीत डेटाची पहिली किल्ली ओळख पटवण्याच्या टप्प्यातच, वरच्या थराच्या साहित्यातून बनते. त्या वेळी वेगळी डिफी-हेलमन देवाणघेवाण होतच नाही, त्यामुळे पीएफएसचा प्रश्न निघत नाही. तो निघतो पहिल्यांदा किल्ली बदलताना. जुन्या, पहिल्या आवृत्तीत हीच तफावत टनेल जोडतानाच अडली असती.

टनेल १० वाजता सुरू झाला, तर स्ट्राँगस्वान १०:५४ ते ११ च्या दरम्यान नवी किल्ली मागतो. शाखा नकार देते आणि मुख्य कार्यालयाच्या लॉगमध्ये अशा ओळी उमटतात:

```
received NO_PROPOSAL_CHOSEN notify, no CHILD_SA built
failed to establish CHILD_SA, keeping IKE_SA
```

जुनी किल्ली अजून जिवंत असल्याने कोणाला काही जाणवत नाही. ११:०६ ला तिची अंतिम मुदत संपते आणि मगच काम थांबते. म्हणून लॉग वाचताना टनेल तुटला त्या क्षणाच्या दहा-पंधरा मिनिटे मागे जावे. खरे कारण तिथे असते. दुसरी ओळही महत्त्वाची आहे. वरचा थर शाबूत राहतो, त्यामुळे स्थिती पाहिली तर जोडणी चालू दिसते आणि डेटा मात्र जात नाही. रीस्टार्ट केल्यावर ओळख पटवणे पहिल्यापासून होते, पहिली किल्ली पुन्हा विनातक्रार मिळते आणि रीस्टार्टनेच दुरुस्ती झाल्याचा समज होतो.

लाइफटाइम वाढवणे हा हमखास केला जाणारा चुकीचा उपाय. दुसऱ्या आवृत्तीत लाइफटाइमवर वाटाघाटी होत नाहीत. प्रत्येक बाजू आपापली मुदत पाळते आणि जिची मुदत आधी संपते ती बदलाला सुरुवात करते. त्यामुळे वेगवेगळे आकडे एकट्याने टनेल पाडत नाहीत. मुख्य कार्यालयाने आपला आकडा नऊ तास केला, तर पुढाकार शाखेकडे जाईल, तिचा पीएफएसविना आलेला प्रस्ताव मुख्य कार्यालय नाकारेल आणि टनेल तासाऐवजी आठ तासांनी पडेल. काही उपकरणे समोरून आलेली पीएफएसची मागणी स्वीकारतात, पण स्वतः ती करत नाहीत. तिथे कोण पुढाकार घेतो यावरच यश ठरते आणि आकडा बदलल्याने बिघाड गेल्यासारखा वाटतो.

खरा उपाय दोन्ही प्रस्ताव शब्दशः जुळवणे हा आहे. मुख्य कार्यालयात डेटाच्या थरासाठी ही ओळ असेल,

```
esp_proposals = aes256-sha256-modp2048
```

तर शाखेत पीएफएस चालू करून गट १४ निवडावा, कारण modp2048 म्हणजेच तो गट. लाइफटाइमही सारखे ठेवावेत, म्हणजे पुढे लॉग वाचणे सोपे जाते.

तपासणीसाठी तासभर थांबायची गरज नाही. डेटाच्या जोडणीचे नाव lan असेल, तर किल्ली लगेच बदलायला लावता येते:

```
swanctl --rekey --child lan
swanctl --list-sas
```

दुरुस्तीआधी पहिल्या आज्ञेने वरचाच नकार मिळतो. दुरुस्तीनंतर दुसरी आज्ञा नव्या जोडणीपुढे MODP_2048 दाखवते, जे पहिल्या किल्लीपुढे नव्हते. ही तपासणी शाखेच्या बाजूनेही किल्ली बदलायला लावून करावी, कारण एका दिशेने मान्य झालेला प्रस्ताव दुसऱ्या दिशेने नाकारला जाऊ शकतो.