ओवीची स्वरलिपी संगणकाकडून काढताना

घरातल्या वडीलधाऱ्या बाईंनी गायलेली ओवी मोबाइलवर टिपून ठेवली आहे आणि ती पेटीवर वाजवता यावी म्हणून तिचे स्वर कागदावर हवे आहेत, असं समजा. Basic Pitch या मोफत प्रोग्रामला ध्वनिफीत दिली की मिडी फाइल मिळते. मिडीत आवाज नसतो. कोणता स्वर, कधी सुरू झाला, किती वेळ टिकला, एवढीच नोंद असते. ती MuseScore मध्ये उघडली की स्टाफ नोटेशन दिसतं. पण पहिल्या खेपेला जे दिसतं ते बहुधा वाचण्याजोगं नसतं, आणि त्याची कारणं गाण्यातच असतात.

पहिलं कारण पट्टीचं. पेटीची साथ नसताना बाईंचा षड्ज सेकंदाला २१४ कंपनांवर लागला, असं धरू. काळी चार सुमारे २०८ वर आणि पांढरी सहा २२० वर. म्हणजे हा षड्ज दोन पट्ट्यांच्या जवळजवळ मधोमध आला. नोटेशनला मधली जागा नाही, त्यामुळे गळा जरासा हलला की तोच षड्ज कधी काळी चार तर कधी पांढरी सहा म्हणून लिहिला जातो. एका लांब स्वराच्या जागी दोन शेजारी स्वर आलटूनपालटून दिसू लागले, की रोग हाच समजावा. उपाय सोपा आहे. Audacity मधल्या Change Pitch ने सगळी फीत ०.४८ सेमिटोन वर चढवा. लय बदलत नाही आणि षड्ज पांढरी सहावर नेमका बसतो. नंतर पुन्हा मिडी काढा.

मींड मात्र अशी सुटत नाही. सा वरून गळा घसरत शुद्ध गंधारावर गेला, तर वाटेतले तिन्ही सूर बारीक नोट होऊन कागदावर उतरतात. प्रोग्राममधली नोटेची किमान लांबी वाढवली की ते जातात, पण त्यांच्याबरोबर खरी मुरकीही पुसली जाते. म्हणून हे काम मूळ फीत ऐकत हातानेच करावं. उलट चूकही होते: एकाच स्वरावर आकारात सलग गायलेल्या दोन मात्रांची एकच लांब नोट होते, कारण नवी सुरुवात ओळखायला मध्ये व्यंजनाचा ठोका नसतो.

सर्वांत वाईट गत लयीची होते. ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर सैल चालते, आणि MuseScore मधल्या मात्रांच्या रेघा ठरावीक अंतरावर पडतात. मग साध्या ओळीतही बांधलेल्या तुकड्यांचं जंगल उगवतं. इथे यंत्राशी झगडू नये. मिडीतून फक्त स्वरांचा क्रम घ्यावा आणि मात्रा स्वतः मोजून लिहाव्यात. नव्याने गाऊन घेणं शक्य असेल, तर कानात मेट्रोनोम लावून, तानपुऱ्याशिवाय गाऊन घ्यावं. तानपुरा मागे असला की त्याच्या तारांचेही स्वर नोटेशनमध्ये येतात.

तयार मिडी मूळ फितीबरोबर एकत्र वाजवून तपासा, आणि कागद झाला तरी मूळ फीत पुसू नका. मींड तिथेच आहे.