लेफ्ट शिफ्ट (रक्तपरीक्षण)

लेफ्ट शिफ्ट, अर्थात डावा सरकाव, म्हणजे रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या अपक्व रूपांचे प्रमाण वाढणे. या अपक्व रूपांपैकी सर्वांत अधिक आढळणाऱ्या पेशीस बँड पेशी म्हणतात. लेफ्ट शिफ्टबरोबर न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवात गडद, जाडसर कण दिसू लागले, तर त्या बदलास टॉक्सिक ग्रॅन्युलेशन (विषजन्य कणमयता) असे नाव आहे. काचपट्टीवर पसरून रंगवलेल्या रक्ताच्या थेंबात, म्हणजे रक्तविलेपनात, ही दोन्ही चिन्हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. गंभीर जिवाणूसंसर्गाची शंका त्यांच्यामुळे बळावते. मात्र त्यांच्या आधारे संसर्ग सिद्ध होत नाही.

== नावाचा उगम ==

जर्मन वैद्य योझेफ आर्नेट यांनी १९०४ मध्ये न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे खंड मोजून त्या पेशींची वर्गवारी केली. त्यांच्या तक्त्यात एकखंडी केंद्रकाच्या पेशी सर्वांत डावीकडे आणि अनेकखंडी पेशी उजवीकडे मांडलेल्या होत्या. संसर्गात डावीकडील रकान्यांमधील आकडे वाढत, म्हणून सरकाव ‘डावा’ ठरला. आर्नेट यांची पद्धत फार किचकट होती. व्हिक्टर शिलिंग यांनी पुढे ती मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड आणि खंडित केंद्रकाची पक्व पेशी अशा चार गटांवर आणली व तीच रूढ झाली. बँड पेशीला काही जुन्या अहवालांत ‘स्टॅब’ म्हटलेले आढळते. हा काठी या अर्थाचा जर्मन शब्द आहे.

== अपक्व पेशी रक्तात का येतात ==

न्यूट्रोफिल अस्थिमज्जेत तयार होतात. मायलोसाइट अवस्थेपर्यंत पेशीचे विभाजन होत राहते. त्यानंतर विभाजन थांबते आणि केवळ परिपक्वता उरते. मेटामायलोसाइटचे मूत्रपिंडाच्या आकाराचे केंद्रक लांबट होऊन वाकते आणि बँड पेशी बनते. पुढे त्यावर खाचा पडून बारीक धाग्यांनी जोडलेले दोन ते पाच खंड तयार होतात. विभाजनानंतरच्या या टप्प्याला साधारणपणे पाच ते सात दिवस लागतात, आणि या काळातील पेशी हाच मज्जेतील राखीव साठा असतो. रक्तात आलेला न्यूट्रोफिल मात्र तेथे काही तासच राहून ऊतींमध्ये निघून जातो.

जिवाणूंचा मोठा हल्ला झाला की ऊतींमधून निघणारी रासायनिक द्रव्ये मज्जेला साठा सोडण्याचा संदेश देतात. प्रथम पक्व पेशी बाहेर पडतात. मागणी चालूच राहिली तर बँड, त्यानंतर मेटामायलोसाइट आणि अखेरीस मायलोसाइटही रक्तात उतरतात. घाईने तयार झालेल्या पेशींमध्ये परिपक्वतेचा काळ आखडलेला असतो. त्यामुळे आरंभीच्या अवस्थेतील प्राथमिक कण आपला गडद रंग घेण्याचा गुण गमावत नाहीत, आणि टॉक्सिक ग्रॅन्युलेशन दिसते. म्हणजे नावात ‘विष’ असले तरी हे कण जिवाणूंचे विष नसून पेशीच्या स्वतःच्या घडणीचा भाग आहेत.

याच घाईची आणखी एक खूण म्हणजे ड्योले पिंड. पेशीच्या कडेला दिसणारे हे फिकट निळसर-राखी ठिपके प्रथिननिर्मिती करणाऱ्या जालिकेचे अवशेष असतात. पेशीद्रवातील पोकळ्या, अर्थात रिक्तिका, पेशीने जिवाणू गिळल्याचे सुचवतात. ताज्या रक्तात त्या स्पष्ट दिसल्या तर रक्तात जिवाणू असण्याची शंका केवळ कणांच्या तुलनेत अधिक बळकट होते.

== आकडा फसवतो ते उदाहरण ==

प्रौढ व्यक्तीच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे सुमारे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात व त्यांत बँड पेशी शेकडा पाचापेक्षा कमी असतात. संसर्गात एकूण संख्या वाढते हे सर्वपरिचित आहे. तथापि सर्वांत गंभीर रुग्णांमध्ये ती घटलेली असू शकते, आणि नेमके तेथेच विलेपनाचे मोल कळते.

जळगाव शहरातील पिंप्राळा उपनगरात राहणारा, मधुमेह असलेला एक साठ वर्षांचा रुग्ण कल्पनेत घेऊ. पायाच्या जखमेत पू झाला आहे, हुडहुडी भरून ताप येतो, नाडी जलद आहे. पेशीगणक यंत्र एकूण पांढऱ्या पेशी ३,६०० आणि न्यूट्रोफिल ७० टक्के दाखवते. ७० टक्के हा आकडा निरोगी माणसाच्या अहवालातही असतो, त्यामुळे वरवर पाहणाऱ्यास यात चिंतेचे काही दिसणार नाही. आता काचपट्टीवर शंभर पेशी मोजल्या असता पुढीलप्रमाणे विभागणी मिळते: खंडित न्यूट्रोफिल ३४, बँड २६, मेटामायलोसाइट ८, मायलोसाइट २, लिम्फोसाइट २४, मोनोसाइट ६. बहुतेक न्यूट्रोफिलांत गडद कण असून काहींत रिक्तिका आहेत.

यंत्राने सांगितलेले ७० टक्के न्यूट्रोफिल येथे दुभंगतात. त्यांपैकी ३६ अपक्व आहेत. म्हणजे अपक्व पेशींचे एकूण न्यूट्रोफिलांशी गुणोत्तर ३६ भागिले ७०, सुमारे ०.५१ होते. प्रत्यक्ष संख्येत पाहिले तर दर मायक्रोलिटरला अपक्व पेशी १,२९६ आणि पक्व पेशी केवळ १,२२४ आहेत. एकूण संख्या कमी आणि अपक्व पेशी पक्व पेशींहून अधिक, या स्थितीला ऱ्हासात्मक लेफ्ट शिफ्ट म्हणतात. मज्जेचा साठा मागणीला पुरा पडत नाही, असा त्याचा अर्थ. एकूण १८,००० पेशींमध्ये १२ टक्के बँड असणारा रुग्ण यापेक्षा बऱ्याचदा सुस्थितीत असतो, कारण त्याची मज्जा अद्याप पुरवठा करू शकते.

प्रतिजैविके सुरू करून व पू काढून टाकल्यानंतर तिसऱ्या दिवशी याच रुग्णाची संख्या १४,२०० झाली, असे समजा. विभागणी आता खंडित ६२, बँड १४, मेटामायलोसाइट २, लिम्फोसाइट १५, मोनोसाइट ६ व इओसिनोफिल १ अशी आहे. पेशी चौपट झाल्याने नातेवाइकांना संसर्ग बळावल्यासारखे वाटेल. गुणोत्तर मात्र ०.५१ वरून ०.२१ पर्यंत उतरले आहे आणि गायब असलेला इओसिनोफिल परत आला आहे. ताप, रक्तदाब व नाडी यांचा कलही तसाच असेल तर ही सुधारणा समजावी.

== काचपट्टी तयार करणे व वाचणे ==

भारतातील प्रयोगशाळांत यासाठी बहुधा लीशमन रंजक वापरतात. विल्यम लीशमन यांनी ते १९०१ मध्ये प्रसिद्ध केले. हवेत सुकलेल्या विलेपनावर रंजक ओतून सुमारे दोन मिनिटे ठेवतात. त्यातील मिथेनॉलमुळे पेशी काचेला पक्क्या चिकटतात. मग ६.८ सामूचे बफर पाणी दुपटीने मिसळून सात ते दहा मिनिटांनी पट्टी धुतात. पाणी अल्कधर्मी असले किंवा रंजक जास्त वेळ राहिले तर सर्वच पेशी गडद होतात आणि निरोगी न्यूट्रोफिलही कणमय भासतो. हा दोष ओळखण्यासाठी लाल पेशी व लिम्फोसाइट पाहावेत. तेही निळसर व गडद असतील तर दोष रंगाईचा. खरे टॉक्सिक ग्रॅन्युलेशन न्यूट्रोफिलपुरते मर्यादित असते आणि शेजारशेजारच्या दोन पेशींतही कमीअधिक दिसते.

खानदेशात उन्हाळ्यात दुसरी अडचण येते. मे महिन्यात जळगावचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. ईडीटीएच्या नळीत घेतलेले रक्त अशा उष्णतेत काही तास पडून राहिले की न्यूट्रोफिलांचा ऱ्हास होतो, त्यांत रिक्तिका निर्माण होतात आणि केंद्रकाची बाह्यरेषा बिघडते. अशा पट्टीवरील रिक्तिकांना निदानाच्या दृष्टीने किंमत नाही. म्हणून दूरच्या संकलन केंद्रात नळीबरोबरच बोटातून किंवा नळीतून तत्काळ केलेली पट्टीही पाठवणे उपयुक्त ठरते.

बँड कोणाला म्हणावे यावर तज्ज्ञांचे एकमत नसते. सर्वसाधारण नियम असा की दोन खंडांमधील दुवा धाग्यासारखा बारीक झाला असेल तर पेशी खंडित. जाडी टिकून असेल तर बँड. आणि शंका असल्यास खंडितच मोजावी. शिवाय शंभरच पेशी मोजल्यामुळे येणारी चूक मोठी असते. अहवालात १० टक्के बँड आले तर खरे प्रमाण ५ पासून १८ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. त्यामुळे एका दिवशी ८ आणि दुसऱ्या दिवशी ११ आले, एवढ्यावरून उपचार बदलणे योग्य नव्हे. लहान प्रयोगशाळांतील तीन भागांत विभागणी करणारे यंत्र बँड ओळखतच नाही. मोठ्या यंत्रांवरील ‘अपक्व कणिकापेशी’ या आकड्यातही सहसा बँड धरलेले नसतात.

== संसर्गाविना दिसणारा लेफ्ट शिफ्ट ==

गर्भारपण, भाजणे, मोठी शस्त्रक्रिया आणि न्यूट्रोफिल वाढवण्यासाठी दिलेले फिल्ग्रास्टिमचे इंजेक्शन यांतही अपक्व पेशी व गडद कण दिसतात. फिल्ग्रास्टिमनंतरचे चित्र तर हुबेहूब गंभीर संसर्गासारखे असते, म्हणून पट्टी वाचणाऱ्यास औषधांची माहिती मिळणे आवश्यक आहे. पेल्गर-ह्यूट या निरुपद्रवी आनुवंशिक स्थितीत केंद्रकाचे खंड मुळातच पुरेसे पडत नाहीत. अशा व्यक्तीला आयुष्यभर ‘लेफ्ट शिफ्ट’ असल्याचा भास होतो, पण केंद्रकाचे द्रव्य पक्व पेशीप्रमाणे घट्ट असते व टॉक्सिक कण नसतात.

सातपुड्यातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजाराच्या तीव्र वेदनांच्या झटक्यात संसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशी वाढतात. त्यातच केंद्रकयुक्त लाल पेशींची गणना काही यंत्रे पांढऱ्या पेशींत करतात. यंत्राने १८,००० संख्या दिली आणि पट्टीवर दर शंभर पांढऱ्या पेशींमागे ५० केंद्रकयुक्त लाल पेशी दिसल्या, तर खरी संख्या १८,००० गुणिले १०० भागिले १५०, म्हणजे १२,००० ठरते.

याउलट विषमज्वर हा जिवाणूसंसर्ग असूनही त्यात पांढऱ्या पेशी बहुधा सामान्य किंवा कमी असतात आणि ठळक लेफ्ट शिफ्ट नसतो. त्यामुळे पट्टी स्वच्छ दिसली म्हणून जिवाणूसंसर्ग नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. रक्तसंवर्धन करावेच लागते.

== नवजात बालके ==

नवजात बाळाच्या रक्तात जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत पांढऱ्या पेशींची संख्या निसर्गतःच मोठी असते, म्हणून तेथे वर वापरलेले गुणोत्तर अधिक कामाचे आहे. ते ०.२ पेक्षा जास्त असल्यास जंतुदोषाची शंका घेतात. अवघड प्रसूतीनंतर निरोगी बाळातही ते वाढू शकत असल्याने हे गुणोत्तर संसर्ग सिद्ध करण्यापेक्षा, इतर चिन्हे नसताना तो नाकारण्यास जास्त उपयोगी पडते.

जेथे सूक्ष्मदर्शकच नाही तेथे लक्षणांवर विसंबावे लागते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत महिलांमार्फत असे केले. त्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाचे रडणे क्षीण होणे, दूध ओढणे मंदावणे वा थांबणे आणि हातपाय लुळे पडणे यांसारखी लक्षणे एकत्र दिसल्यास त्या जंतुदोष गृहीत धरून घरीच प्रतिजैविके देत. रुग्णालयातही अशी लक्षणे असलेल्या बाळाचा उपचार काचपट्टीच्या अहवालासाठी थांबवून ठेवत नाहीत.