ईसीजी नॉर्मल आला, आता पुढे?
(लेखमाला : चिंतेचं दुखणं, लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण पॅनिक अटॅकमध्ये शरीरात काय घडतं ते पाहिलं. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, आता आपण जाणार असं वाटतं. पाच-दहा मिनिटांत हे टोकाला पोहोचतं आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरतं. त्यानंतर काय करायचं, ते आज पाहू. एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. ते कुणा एका माणसाचं नाही. असे रुग्ण कोणत्याही ओपीडीत भेटतात, त्यांच्यातून ते जुळवलं आहे.

माणूस भिलाईचा, राहणार रुआबांधा सेक्टर. वडील भंडाऱ्याकडून स्टील प्लांटमध्ये नोकरीला आले, तेव्हापासून घर इथलंच. वय ४६, काम ईओटी क्रेन चालवण्याचं. शेडमध्ये उंचावर केबिन, वर जायला शिडी, खाली माणसं आणि लोखंड. सेकंड शिफ्ट करून घरी आला, जेवला आणि रात्री एकच्या सुमारास घाम फुटून उठून बसला. "अहो, काय होतंय?" म्हणेपर्यंत बायकोने शेजाऱ्याला हाक मारली आणि त्याच्या गाडीतून सेक्टर ९ च्या रुग्णालयात नेलं. ईसीजी झाला, रक्त तपासलं, काही तासांनी पुन्हा ईसीजी आणि पुन्हा रक्त. सगळं नॉर्मल. सकाळी घरी सोडलं.

इथवर जे झालं ते अगदी बरोबर झालं. छातीत पहिल्यांदा दुखलं, विशेषतः चाळिशीनंतर, तंबाखू, बीपी किंवा साखर असताना, तर ते मनाचं आहे असं घरच्या घरी कुणी ठरवू नये. चालताना किंवा जिना चढताना दुखणं येत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर आधी हृदयच तपासायचं, मग मागे कितीही पॅनिक अटॅक येऊन गेलेले असोत.

चूक त्यानंतर होते. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे काहीच झालेलं नाही असा अर्थ घरात लावला जातो. "गॅस असेल", "टेन्शन घेऊ नका" एवढ्यावर विषय संपतो. आपला क्रेनवाला महिन्याभरात आणखी दोनदा कॅज्युअल्टीत गेला. दोन्ही वेळी रिपोर्ट स्वच्छ.

मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जायची वेळ कोणती? अटॅक किती आले, यापेक्षा दोन अटॅकच्या मधले दिवस कसे जातात ते बघा. पुढचा अटॅक कधी येईल या धास्तीत महिना गेला असेल, किंवा त्या धास्तीने माणसाने वागणं बदललं असेल, तर डॉक्टर याला पॅनिक डिसऑर्डर धरतात. अचानक एखादा अटॅक येऊन गेला आणि माणूस पहिल्यासारखा वावरू लागला, तर उपचारांची गरज पडतेच असं नाही. आपल्या माणसाकडे बघा. नाइट शिफ्ट बदलून घ्यायला लागला. केबिनमध्ये एकटं चढायचं टाळून सोबत्याला "जरा वरपर्यंत चल" म्हणू लागला. मैत्री बागेकडे फिरायला जाणं बंद, कारण तिथून रुग्णालय लांब पडेल अशी भीती. झोपण्याआधी दोन पेग, "त्याने शांत वाटतं" म्हणून. नाडी दिवसातून कितीदा बघतो याची गणतीच नाही. अटॅक तीनच आले होते, पण त्याचं जगणं मात्र महिन्यात निम्म्यावर आलं होतं.

अटॅक न येताही चिंता आजार असू शकते. मुलांचं, पैशाचं, तब्येतीचं, कशाचंही काळजीचक्र जवळजवळ रोज चालू आहे, आवरता आवरत नाही, झोप मोडते, मान-खांदे आखडतात, चिडचिड होते आणि हे सहा महिने चाललंय, तर तो जनरलाइज्ड अँग्झायटीचा नमुना झाला. मात्र दाखवायला जाण्यासाठी सहा महिने भरायची वाट बघायची नसते. ओपीडीत जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची छोटी चाचणी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती त्रास झाला त्याला ० ते ३ गुण, एकूण २१. दहा किंवा त्याहून जास्त बेरीज आली की नीट तपासणी हवी. पण ही चाचणी काळजीचं मोजमाप करते. फक्त अटॅकचा त्रास असलेल्याची बेरीज कमीही येऊ शकते, म्हणून कमी गुण आले की दुखणं नाही असं समजू नये.

आता जायचं कुठे? फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात केली तरी चालेल, कारण काही शारीरिक गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. थायरॉइड वाढलेलं असलं की हुबेहूब अशीच धडधड आणि थरथर होते. हिमोग्लोबिन कमी असणं, साखर एकदम खाली येणं, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या, दिवसभराचा चहा यांनीही हेच होतं. सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग आहे. रायपूरच्या एम्समध्येही आहे. छत्तीसगडमध्ये जिल्हा रुग्णालयांत 'स्पर्श क्लिनिक' या नावाने मानसिक आरोग्याची ओपीडी चालते.

आपला क्रेनवाला बायकोच्या आग्रहाने गेला. पहिल्या भेटीत काय झालं, ते सविस्तर सांगतो, कारण लोकांना खरी धास्ती या भेटीचीच असते.

सोबत त्याने तिन्ही वेळचे ईसीजी आणि रिपोर्ट नेले होते, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं. हे फार उपयोगी पडतं. आठवणीतून सांगितलेली "ती पांढरी छोटी गोळी" डॉक्टरला काहीच सांगत नाही. बाहेर वजन आणि बीपी घेतलं. आत कोच नव्हता की दिवा नव्हता. टेबल, दोन खुर्च्या, तपासायचा पलंग, इतर कुठल्याही ओपीडीसारखंच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न साधा विचारला, "शेवटचा त्रास कधी झाला? त्या दिवशी सकाळपासून सांगा." मग बारकावे. किती वेळ टिकला, झोपेत आला की जागेपणी, त्यावेळी कशाची भीती वाटली, त्यानंतर काय काय करायचं सोडलं. बायकोलाही विचारलं, आणि तिने सांगितलं की हे आताशा अंघोळीला गेले तरी दाराची कडी लावत नाहीत. ही गोष्ट त्याने स्वतः कधीच सांगितली नसती.

मग बायकोला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. हे नेहमीचंच आहे, त्यात काही गुपित शोधू नये. एकांतात दारू, तंबाखू, घरातले ताण, घरात कुणाला असा त्रास होता का, हे विचारतात. दारूबद्दल खरं सांगा. रोज पिणाऱ्याला दारू उतरताना पहाटे जी थरथर आणि धडधड होते, ती चिंतेसारखीच दिसते. डॉक्टरला पेग माहीत नसले तर निदान आणि गोळी दोन्ही चुकतात. मग तो प्रश्न येतो, "कधी जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावा असा विचार येतो का?" आपला माणूस दचकला. हा प्रश्न मानसोपचाराच्या पहिल्या भेटीत बहुतेक सगळ्यांनाच विचारतात. विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत.

त्यानंतर नाडी, मान चाचपून थायरॉइडची गाठ, पुढे केलेल्या हातांची थरथर. टीएसएच आणि हिमोग्लोबिन लिहून दिलं. शेवटी डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं आणि ते कसं चालतं हे कागदावर काढून दाखवलं. धडधड होते, तिचा अर्थ "अटॅक आला" असा लागतो, भीती वाढते, भीतीने धडधड आणखी वाढते.

गोळी सुरू केली ती एस्सिटालोप्राम, ५ मिलिग्रॅमपासून. ही सवय लावणारी गोळी नव्हे. पण तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ होते, बेचैनी थोडी वाढूही शकते. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी रुग्ण "गोळीने जास्तच झालं" म्हणून ती बंद करतो आणि पुन्हा फिरकत नाही. उपचार फसण्याचं हे फार मोठं कारण आहे. बरं वाटल्यावरही गोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. क्लोनाझेपामसारखी झोप आणणारी गोळी द्यावीच लागली तर थोडे दिवस, कारण सवय तिची लागते. इथे आपल्या माणसाचं काम आडवं आलं. क्रेनच्या केबिनमध्ये पेंगणं म्हणजे खालच्यांच्या जिवाशी खेळ, आणि दारूवर ही गोळी घेणं तर घातकच. त्याने कामाचं स्वरूप सांगितलं म्हणून डॉक्टरांनी ती टाळली आणि काही दिवस खालच्या कामासाठी चिठ्ठी दिली. तुम्ही ट्रक चालवता, उंचावर चढता की भट्टीपाशी उभे राहता, हे न विचारताही सांगा.

"नोकरीवर कळेल का?" हे त्याने दारापाशी थांबून विचारलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल अशा मोजक्याच बाबी त्याला अपवाद आहेत.

पुढची तारीख दोन आठवड्यांची होती, आणि दरम्यान सायकॉलॉजिस्टकडे जायचं होतं. ती भेट वेगळी असते. पाऊण तास, गोळ्या नाहीत. पहिल्या वेळी रोजनिशी लिहायला दिली : अटॅक कधी, त्याआधी काय, मनात कोणतं वाक्य आलं. पुढच्या भेटींत टाळलेल्या गोष्टी सोप्यापासून अवघडापर्यंत मांडून एकेक परत सुरू करतात. त्याच्या यादीत पहिली पायरी होती बाथरूमची कडी लावणं, शेवटची नाइट शिफ्टला एकट्याने शिडी चढणं, आणि तीही डॉक्टरांनी वर जायला हरकत नाही म्हटल्यावरच. दर आठवड्याला एक याप्रमाणे अशा बारा-पंधरा भेटी लागतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नका.

भेट नीट झाली की नाही, ते बाहेर पडताना ओळखता येतं. दुखण्याचं नाव कळलं का, गोळी कशासाठी आणि किती दिवस ते कळलं का, पुढची तारीख मिळाली का? दोन मिनिटांत झोपेच्या गोळ्यांची पट्टी हातात पडली आणि परत कधी यायचं ते सांगितलंच नाही, तर दुसरा डॉक्टर बघा.

जीव नकोसा वाटत असेल तर मात्र ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका. त्याच क्षणी घरच्या कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका आणि जवळच्या कॅज्युअल्टीत जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, आणि आपली भाषा निवडून बोलता येतं. हा नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.